‘ते’ म्हणजे काय?
(अणदूर, ता. तुळजापूर येथील बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



बैठक संपताना आपण दरवेळी चिठ्ठ्या मागवतो. ज्याला उभं राहून बोलायला संकोच वाटतो, तो चिठ्ठीवर प्रश्न लिहून पुढं पाठवतो. मागच्या बैठकीतल्या चिठ्ठ्यांना वेळ पुरला नाही म्हणून आम्ही त्या पिशवीत घालून घरी नेल्या. रात्री जेवणं झाल्यावर कंदिलासारखा मिणमिणता बल्ब लावून वाचायला बसलो. त्यांतल्या काही आज मुद्दाम बरोबर आणल्या आहेत. नावं वाचणार नाही, भिऊ नका.

पहिली चिठ्ठी: ‘ते आलं, पण आम्हाला आलं नाही. काय करावं?’

दुसरी: ‘पिवळं पडलंय. ह्यावर काय मारायचं?’

तिसरी: ‘वरीलप्रमाणे मलाही मिळेल का?’

हसताय, हसा. आम्हीही हसलो. तिसरी चिठ्ठी उलटून पाहिली, उजेडात धरून पाहिली. तिच्यावर वर काहीच नव्हतं. ‘वरील’ हाच तिच्यावरचा पहिला शब्द. मग ध्यानात आलं की चिठ्ठी लिहिणारा वेडा नव्हता. त्याच्या आधी एकजण उठून बोलला होता, ते ऐकता ऐकता ह्यानं चिठ्ठी लिहिली. लिहिताना त्याच्यापुरतं ‘वर’ सगळं होतं. आमच्या घरी पोचेपर्यंत ते बैठकीतच राहिलं, चिठ्ठी तेवढी पुढं आली.

हा, ही, हे, तो, ती, ते, ह्यावर, त्याचं, वरील, सदर. हे शब्द म्हणजे बोट आहे. बांधावर उभं राहून आपण बोट दाखवतो आणि म्हणतो, ‘हे बघा, ह्याला काय झालंय?’ समोरच्याला बोटही दिसतं आणि बोटासमोरचं झाडही दिसतं, म्हणून काम भागतं. तेच वाक्य फोनवर बोललं की बोट फोनच्या अलीकडं राहतं. कागदावर लिहिलं की बोट कागदाच्या बाहेर राहतं. वाचणाऱ्याच्या हाती बोटाचं टोकही येत नाही.

आपल्या भाषेत हे लवकर होतं, त्याला कारण आहे. आपल्याला नाव न घेताही वाक्य पुरं करता येतं. ‘पिवळं पडलंय’ म्हटलं की वाक्य झालं. काय पिवळं पडलंय ते सांगायची भाषा सक्तीच करत नाही. फार तर क्रियापदावरून अंदाज येतो. ‘पडला’ म्हटलं तर कापूस किंवा हरभरा असेल, ‘पडली’ म्हटलं तर ज्वारी, तूर किंवा कपाशी असेल, ‘पडलं’ म्हटलं तर सोयाबीन असेल. पण ‘त्याच्यावर काय मारू’ म्हटलं की हरभरा आणि सोयाबीन एकाच दावणीला बांधले जातात. ‘परवा मारलं’ म्हटलं की ‘परवा’ दोन दिवस मागचा आणि दोन दिवस पुढचाही असतो, एवढं ‘मारलं’वरून कळतं की मागचा; पण चिठ्ठी कधी लिहिली त्याची तारीख नसेल तर मागचा कुठला? आणि ‘एवढं झालंय’ म्हणताना आपण जो हात उंच करून दाखवतो, तो हात कुठल्याच कागदावर उमटत नाही.

आपल्या गावाचंच घ्या. खंडोबाची देवळं दोन आणि देव एक. वर्षातले काही महिने मूर्ती इथं अणदूरला असते, काही महिने नळदुर्गजवळ मैलारपूरला. आता लातूरच्या पाहुण्यानं चिठ्ठी पाठवली, ‘देव सध्या तिथंच आहे का?’ ह्यात ‘तिथं’ कुठलं आणि ‘सध्या’ कधीचं हे कळल्याशिवाय गुरवसुद्धा उत्तर देऊ शकणार नाही. हो म्हणावं तरी चुकण्याची भीती, नाही म्हणावं तरी.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? नीट विचारलं नाही तर उत्तर मिळणार नाही, परत विचारू. आमचंही असंच मत होतं. ते मत बदलायला एक हंगाम लागला. अशा अधांतरी प्रश्नाला उत्तर मिळत नाही, हा आपला समज चुकीचा आहे. उत्तर मिळतं, झटकन मिळतं, ठामपणे मिळतं. फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर असतं. आणि ते आपल्या प्रश्नाचं नाही, हे कळायला कधी पंधरा दिवस लागतात, कधी एक पीक जातं.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. तीन एकर कपाशी होती आणि शेजारच्या तुकड्यात एक एकर खरिपाची ज्वारी, कडब्यासाठी. ज्वारीत रुंद पानांचं तण माजलं. मजूर मिळेनात म्हणून ज्वारीत टू-फोर-डी मारलं. ते तणनाशक रुंद पानांच्या तणाला मारतं आणि ज्वारीसारख्या गवतवर्गातल्या पिकाला सोसतं, म्हणून ज्वारीत चालतं. फवारून झाल्यावर पंपात एकदा पाणी घालून खळबळलं, ओतून दिलं, पंप खुंटीला. चार दिवसांनी कपाशीवर तुडतुडे दिसले. तोच पंप घेतला, कीटकनाशक भरलं आणि कपाशी फवारून काढली.

आठवड्याच्या आत कपाशीची शेंड्याची पानं आकसायला लागली. घरातला पोरगा औषधाच्या दुकानात गेला. त्यानं विचारलेला प्रश्न आम्हाला अजून पाठ आहे: ‘ते मारल्यापासून ती आकसली, आता त्यावर काय मारू?’

ह्या एका वाक्यात बोटं किती आहेत मोजा. ‘ते’ म्हणजे काय? पोराच्या मनात शेवटची फवारणी होती, म्हणजे कीटकनाशक. खरं कारण त्याच्या आधीच्या फवारणीत होतं, ते त्याच्या मनातच नव्हतं, कारण ती ज्वारीवर होती. ‘ती’ म्हणजे काय? पोराच्या मनात शेंड्याची कोवळी पानं होती. दुकानदारानं धरलं की सगळी कपाशी. ‘त्यावर’ म्हणजे काय? कपाशीवर, का तुडतुड्यांवर, का आकसण्यावर?

दुकानदारानं त्याच्या अनुभवाप्रमाणं अर्थ लावला. कपाशी आकसली म्हणजे तुडतुडे. तुडतुडे राहिले म्हणजे आधीचं औषध कमी पडलं. त्यानं जास्त भारी औषध दिलं. त्यानं फसवलं असं आम्ही म्हणणार नाही. तुडतुड्यांनी आकसलेल्या कपाशीवर औषध विचारायला आलेल्या माणसाला त्यानं उत्तर दिलं. तो माणूस आमचा पोरगा नव्हता, एवढंच.

पुन्हा तोच पंप, पुन्हा फवारणी. पानं आणखी आकसली. आता आम्ही स्वतः एका ओळखीच्या जाणकाराला फोन लावला आणि म्हणालो, ‘तुम्हाला सांगितलं होतं ना, त्यावर दोनदा मारलं, तरी ते तसंच.’ त्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते दुकानदाराला. त्यांनी ‘तसंच’ म्हणजे बोंडअळी समजून घेतली. तिसऱ्या औषधाचं नाव कागदावर उतरलं. ते मारायच्या आत पाऊस आला म्हणून पैसे वाचले.

मग एक दिवस घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं दोन झाडं मुळासकट उपटली, एक बिघडलेलं आणि एक चांगलं, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि त्या जाणकाराच्या पुढ्यात नेऊन ठेवली. त्यांनी पान हातात घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘पंप आधी कशाला वापरला होता?’ तिथं सगळं उलगडलं.

आता ही ओळख तुम्हालाही सांगून ठेवतो, कारण तुमच्याकडंही ज्वारी आणि कपाशी शेजारी शेजारी असते. तुडतुड्यांनी पान बिघडतं तेव्हा कडा आधी पिवळ्या पडतात, मग लालसर होतात आणि पान खालच्या बाजूला वळतं. पान उलटं करून पाहिलं तर तिरके चालणारे हिरवट तुडतुडे दिसतात. फुलकिडे असले तर पानाच्या कडा वर वळतात आणि खालची बाजू चंदेरी, चकचकीत दिसते. टू-फोर-डी लागलं तर बिघाड नव्या पानांत दिसतो. पान अरुंद होतं, बोटांसारखं फाटतं, भेंडीच्या पानासारखं दिसतं, शिरा जाड होऊन एकमेकींजवळ येतात. आधीची जून पानं बऱ्यापैकी तशीच राहतात.

दुसरी खूण शेतात उभं राहिल्यावर दिसते. आमच्या रानात ज्या ओळीपासून फवारणी सुरू केली, तिथं झाडं सगळ्यात वाईट होती. पुढच्या पंपाला कमी आणि शेवटच्या ओळींना जवळजवळ काही नाही. पहिल्या भरणीत पंपातला, नळीतला उरलेला अंश गेला, पुढच्या भरण्यांत तो पातळ होत गेला. कीड अशी पंपाच्या भरण्या मोजून पसरत नाही. शेजारच्या रानातून वाऱ्यानं औषध आलं असेल तर त्या बांधाकडच्या ओळी जास्त बिघडतात आणि आत कमी. ‘सगळीकडं सारखं आहे, का एका कडेनं आहे?’ हा प्रश्न म्हणूनच जाणकार माणूस विचारतो. आपल्या ‘ते आकसलं’मध्ये हे कुठंच येत नाही.

आणि उपाय? टू-फोर-डीवर उतारा नाही. मारण्यासारखं काहीच नसतं. शेंडा जिवंत असेल आणि मात्रा थोडी लागलेली असेल तर काही आठवड्यांत नवी पानं सरळ यायला लागतात. तोवर डवरणी करायची, पाण्याची सोय असेल तर ओल ठेवायची आणि वाट बघायची. जास्त लागलं असेल तर पातेगळ होते आणि उत्पन्न जातं. म्हणजे आमच्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘काही मारू नका’ हे होतं. पण आमचा प्रश्नच ‘काय मारू’ असा होता, मग ‘काही नको’ हे उत्तर येणार कुठून? तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, हे त्या हंगामाचं दुसरं शहाणपण. साबणाच्या पावडरीनं, नळी आणि नोझलसकट दोनतीनदा धुतला तरी अंश राहण्याची भीती असते आणि कपाशीला फार थोडं पुरतं.

आता तोच प्रश्न कसा विचारायला हवा होता, ते वाचून दाखवतो. आम्ही नंतर बसून लिहून काढला:

‘तीन एकर कोरडवाहू कपाशी आहे, लावून पंचेचाळीस दिवस झाले. कपाशीच्या शेंड्याची नवी पानं आठ दिवसांपासून अरुंद होऊन आकसत आहेत. खालची पानं चांगली आहेत. पूर्वेकडच्या पहिल्या ओळींत जास्त, पश्चिमेकडं कमी. बारा दिवसांपूर्वी तुडतुड्यांसाठी कीटकनाशक फवारलं. त्याच पंपानं त्याच्या चार दिवस आधी शेजारच्या ज्वारीत टू-फोर-डी मारलं होतं. कपाशीची पानं कशामुळं आकसली असतील, आणि फवारणी करावी की नाही?’

ह्यात एकही अवघड शब्द नाही. प्रत्येक ठिकाणी बोटाच्या जागी वस्तूचं नाव आलं, एवढाच फरक. आणि नावं घालता घालता एक गंमत झाली. ‘त्याच पंपानं’ हे लिहितानाच आमच्यापैकी एकाच्या तोंडून निघालं, ‘अरे, म्हणजे पंपामुळंच झालं की!’ ‘ते मारल्यापासून’ म्हणताना ‘ते’ काय, हे आपण स्वतःलाही विचारलेलं नसतं. ‘ते’च्या जागी नाव घालायला बसलो की आधी आपल्यालाच ठरवावं लागतं. कधी कधी तिथंच उत्तर सापडतं.

शेवटी काय विचारलं तेही बघा. ‘काय मारू’च्या जागी ‘कशामुळं’ आणि ‘करावी की नाही’ आलं. ‘काय मारू’ असं विचारलं की समोरच्यानं बाटलीचं नाव सांगायचं एवढंच उरतं.

आता तुम्ही म्हणाल, मग काय ‘तो, ती, ते’ बोलायचंच नाही? प्रत्येक वाक्यात ‘कपाशी, कपाशी’ म्हणत बसायचं? तसं नाही. वर आम्हीच ‘त्याच पंपानं’ म्हटलं आहे. एकदा नाव घेतलं की त्याच चिठ्ठीत पुढं ‘ती’ म्हणायला काही हरकत नाही. फक्त त्या ‘ती’त दोन वस्तू मावता कामा नयेत. चिठ्ठीत नुसती कपाशी असेल तर ‘ती’ चालेल. कपाशी आणि ज्वारी दोन्ही असतील तर दोन्हीही ‘ती’च, तिथं नाव पुन्हा घ्या, कंजुसी नको.

तपासायची सोपी युक्ती आहे. चिठ्ठी लिहून झाली की मनात धरा, ही चिठ्ठी सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या एसटीत एका अनोळखी प्रवाशाच्या हातात पडली. तो शेतकरी आहे, शहाणा आहे, पण आपलं रान त्यानं पाहिलेलं नाही आणि ह्या बैठकीला तो नव्हता. चिठ्ठीतल्या प्रत्येक ‘हे, ते, वरील, तिथं, तेव्हा’वर तो बोट ठेवून विचारेल, ‘म्हणजे काय?’ त्याचं उत्तर चिठ्ठीतच असलं पाहिजे. नसेल तर तो शब्द खोडा आणि नाव लिहा.

फोनवर विचारतानाही हेच. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकट नंबर २००४ पासून आहे, सकाळी सहा ते रात्री दहा चालतो. तिथं बोलणारा कुठल्या तरी शहरात बसलेला असतो. त्याला आपली काळी जमीन, आपला उतार, आपला पाऊस दिसत नाही. त्याला उत्तर सुचलं नाही तर तो वरच्या माणसाकडं फोन जोडून देतो, आणि तिथं आपल्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. तिथं ‘मघाशी सांगितलं तेच’ म्हणू नका; मघाशी सांगितलं ते दुसऱ्याला. आणि मोबाईलवर फोटो पाठवून खाली ‘ह्यावर काय?’ लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, फोटो पुढं पाठवताना पुष्कळदा नुसता फोटो जातो, नाहीतर नुसतं ‘ह्यावर काय?’ जातं. फोटोच्या खाली पीक, दिवस आणि आधीची फवारणी लिहा. शब्दांनी जमत नसेल तर आमच्या घरच्या बाईसारखं करा: एक बिघडलेलं आणि एक चांगलं झाड, मुळासकट, वर्तमानपत्रात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं तर घाम येऊन पानं सडतात आणि खूण जाते.

आता पहिल्या चिठ्ठीकडं येतो, कारण तिच्यात पैसे अडकले आहेत. ‘ते आलं, पण आम्हाला आलं नाही.’

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टीनं काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर लोकांच्या तोंडी ‘ते’ होतं. पण ‘ते’ किती होते बघा. एक, अतिवृष्टीच्या नुकसानीची सरकारी मदत. तिचा पंचनामा गावात होतो आणि यादी तहसीलमधून जाते. दुसरं, रब्बीच्या बियाण्यासाठी आणि इतर खर्चासाठी हेक्टरी १० हजारांची वेगळी मदत जाहीर झाली. तिसरं, पीक विमा. तो विमा कंपनीचा, त्याचा नियम वेगळा, त्याची पावती वेगळी. चौथं, पीएम किसानचा हप्ता, त्याला जोडून राज्याचा नमो शेतकरीचा हप्ता. शेजाऱ्याच्या खात्यात पैसे आले आणि आपल्या नाही, ह्यात शेजाऱ्याला ह्यांतलं कुठलं आलं?

आमच्या ओळखीचा एक गडी ‘ते आलं नाही’ म्हणून तहसीलमध्ये गेला. तिथं विचारलं, ‘विम्याचं का?’ हा ‘हो’ म्हणाला, कारण गावात तेच कानावर आलं होतं. त्याला सांगितलं, ‘ते आमच्याकडं नाही, कृषीकडं जा.’ कृषीकडं गेला, तिथं पावती मागितली. त्यानं विमा उतरवलेलाच नव्हता. सांगितलं, ‘मग तुम्हाला मिळणार नाही.’ गडी परत आला, गप्प बसला. खरं म्हणजे त्याची अतिवृष्टीची मदत मंजूर होती. यादीत त्याच्या नावापुढं विशिष्ट क्रमांक आलेला होता, ज्याला आपण व्हीके नंबर म्हणतो. सेवा केंद्रात जाऊन त्या नंबरावर आधारची खात्री करायची राहिली होती, म्हणून पैसे खात्यात पडले नव्हते. त्याला ‘मिळणार नाही’ हे जे उत्तर मिळालं, ते चुकीचं नव्हतं. ते विम्याचं उत्तर होतं. ‘ते’ नावाचं बोट मदतीवरून सरकून विम्यावर गेलं आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही.

म्हणून कचेरीत जाण्याआधी शेजाऱ्याला दोन गोष्टी विचारा: खात्यावर किती रुपये आले आणि बँकेच्या संदेशात किंवा पासबुकात त्या रकमेपुढं काय लिहिलं आहे. मग आपला प्रश्न असा होतो: ‘सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीच्या मदतीच्या यादीत गट क्रमांक अमुक, माझं नाव आहे का? असल्यास विशिष्ट क्रमांक काय, आणि पैसे कुठल्या कारणानं थांबले आहेत?’ ह्या प्रश्नाला टोलवता येत नाही.

राहिली तिसरी चिठ्ठी, ‘वरीलप्रमाणे’. हा शब्द आपण कुठून उचलला? कचेरीच्या पत्रातून. कचेरीचं पत्र बघा. आधी ‘विषय’ अशी ओळ असते. तिच्याखाली ‘संदर्भ’, त्यात आधीच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख. त्यानंतर लिहितात, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’. वर विषय आहे म्हणून ‘उपरोक्त’ शोभतं. आपण अर्ज लिहिताना त्यांची मधली भाषा घेतो आणि वरच्या दोन ओळी सोडतो. ‘सदर प्रकरणी वरील माहिती मिळावी ही विनंती.’ कुठलं प्रकरण? कुठली माहिती? टोपी आणली, डोकं घरी ठेवलं.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज करताना हे जपून करा. राज्याच्या नमुन्यात, जोडपत्र ‘अ’ मध्ये, माहितीचा विषय, माहितीचा कालावधी आणि माहितीचं वर्णन ह्यांना वेगळ्या जागा दिलेल्या आहेत. ही तीन खणं म्हणजे बोट बंद करायची सोय आहे. विषयाच्या खणात ‘वरीलप्रमाणे’ लिहू नका, त्याच्या वर आपलं नाव-पत्ता असतो. वर्णनाच्या खणात लिहा: ‘मौजे अणदूर, ता. तुळजापूर, गट क्रमांक अमुक, सप्टेंबर २०२५ मधील पीक नुकसानीच्या पंचनाम्याची प्रत.’ कालावधी: ‘१ सप्टेंबर २०२५ ते ३१ डिसेंबर २०२५.’ राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एक विषय आणि साधारण १५० शब्द. एवढ्यात सगळं मावतं.

‘ह्याचं काय झालं?’ आणि ‘का दिलं नाही?’ हेही त्या अर्जात टाळा. त्या कायद्यानं कागद मिळतो. ‘का’चं उत्तर कागदावर लिहिलेलं असेल तरच मिळतं. म्हणून ‘ह्याचं काय झालं’च्या जागी लिहा, ‘माझ्या अमुक तारखेच्या, आवक क्रमांक अमुकच्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत.’ आवक क्रमांक घेतल्याशिवाय म्हणूनच कचेरीतून निघायचं नाही. आपल्या पुढच्या प्रत्येक ‘त्या अर्जा’ला तोच क्रमांक म्हणजे दावं आहे.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर अपील करता येतं. तिथं पुष्कळांचा घात होतो. अपिलात लिहितात, ‘मी विचारलेली ती माहिती दिली नाही.’ अपील वाचणारा अधिकारी दुसरा असतो, त्याच्या टेबलावर आपला पहिला अर्ज असेलच असं नाही. पहिल्या अर्जाची प्रत आणि आलेलं उत्तर जोडा, आणि कुठल्या क्रमांकाच्या मुद्द्याची माहिती आली नाही ते पुन्हा पुरं लिहा. लिहिता येत नसेल त्यांनी डगमगू नये. तोंडी मागणी लिहून घ्यायला मदत करणं हे त्या कायद्यानंच माहिती अधिकाऱ्याचं काम ठरवलं आहे. पण तोंडीसुद्धा ‘ते’ सांगितलं तर तो ‘ते’च लिहून घेईल.

एक गोष्ट ऐकणाऱ्यांसाठी. आम्हीही इथं स्टेजवर बसून तुमच्या प्रश्नांना उत्तरं देतो आणि आमच्याकडूनही अंदाज मारले जातात. ‘पिवळं पडलंय’ ऐकलं की आम्ही ज्या पिकाचा विचार करत असू त्याचं उत्तर देऊन मोकळे होतो. त्या दुकानदारानं ‘ते म्हणजे कुठलं औषध?’ एवढं विचारलं असतं तर आमची एक फवारणी वाचली असती. विचारणाऱ्याच्या मनात रान असतं, त्याला ‘ते’ स्वच्छ दिसतं. अधांतरी आहे हे फक्त ऐकणाऱ्यालाच कळू शकतं. कळूनही गप्प राहिला तर चूक त्याची. म्हणून आजपासून इथं चिठ्ठी वाचणारा माणूस ‘ते म्हणजे काय?’ असं विचारेल. त्यात कुणी अपमान मानू नये, आणि लिहिणाऱ्यानं हात वर करून सांगावं.

आता कोरे कागद फिरवतो आहोत. पेनं दोनच आहेत, पुढं देत जा. पिकाचा प्रश्न असेल तर पीक, दिवस, पान नवं का जुनं, रानात कुठल्या बाजूला, आणि आधी काय मारलं व कुठल्या पंपानं, हे लिहा. पैशाचा असेल तर कुठले पैसे ते लिहा. आणि मागच्या वेळी ‘वरीलप्रमाणे’ची चिठ्ठी ज्यानं दिली तो भाऊ इथं असेल तर त्यानं नव्यानं लिहावी. त्याला काय मिळायला हवं होतं हे आम्हाला खरंच जाणून घ्यायचं आहे.